नातेवाइकांच्या तक्त्यात एकच माणूस दोन-तीन ओळींत का येतो, आणि काढून टाकला तरी पुन्हा का येतो?

घराण्याचा तक्ता करणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते. नाव, नाते, जन्मवर्ष, मूळ गाव आणि टीप असे पाच रकाने आखलेले असतात. सुरुवातीच्या चाळीस-पन्नास ओळी घरातल्याच माणसांच्या म्हणून नीट जातात. मग गावच्या यात्रेला नाहीतर म्हाळाला भावकी जमते, शीटची लिंक ग्रुपवर पडते, पै-पाहुणे आपापल्या ओळी भरतात, आणि महिन्याभरात तक्त्यात माणसं घरापेक्षा जास्त होतात. कुणीतरी बसून दुबार ओळी खोडतं. पुढच्या यात्रेनंतर त्याच ओळी वेगळ्या नावानं, वेगळ्या सालानं परत हजर.

तुमच्याकडे हे होतंय का ते ओळखायची सोपी खूण सांगतो. तक्ता जन्मवर्षाप्रमाणे लावा आणि फक्त बायकांच्या ओळी वाचा. ज्या बाईच्या ओळीत माहेरचा उल्लेख आहे तिच्या ओळीत मुलं नाहीत, आणि जिच्या ओळीत मुलं आहेत तिच्या ओळीत आईबाप नाहीत, असं वारंवार दिसलं तर त्या दोन अर्ध्या बायका मिळून एक बाई आहे असं समजायला हरकत नाही. पुरुषांच्या बाबतीत हे कमी होतं. तिथं दुखणं बहुधा दत्तकाचं असतं, त्याकडे पुढे येतो.

मुळात रकानाच चुकीचा प्रश्न विचारतो

दुबार ओळी येतात त्या 'नाते' या रकान्यामुळे. नाते हा माणसाचा गुण नाही, ते दोन माणसांच्या मधलं असतं. तक्त्यात मात्र एकच माणूस लिहिलेला असतो आणि दुसरा म्हणजे भरणारा, जो कुठेच नोंदलेला नाही. भाच्यानं भरलं की 'आत्या', सुनेनं भरलं की 'सासू', नातवानं भरलं की 'आजी'. तिघंही खरं बोलतात आणि तीन ओळी तयार होतात.

आपल्या भागात यात आणखी एक गाठ बसते. मामाची मुलगी करण्याची चाल कोल्हापूर, सांगली आणि खाली कर्नाटकाच्या बाजूला जुनी आहे. मुलाच्या बाजूनं मामा हाच सासरा होतो, मुलीच्या बाजूनं आत्या हीच सासू होते. म्हणजे एकाच भरणाऱ्याच्या तोंडीसुद्धा एका माणसाची दोन नाती असतात. 'आत्या' एकदा लिहून झाल्यावर शेवटी 'सासरची मंडळी' भरताना 'सासू' पुन्हा लिहिली जाते. लिहिणाऱ्याला यात काही वावगं वाटतच नाही, कारण रकान्यानं नातं विचारलं आणि त्यानं नातं सांगितलं.

वर लग्नात नाव बदलण्याची रीत. माहेरची गंगू सासरी लक्ष्मीबाई होते, आणि पोरंबाळं दोन्ही नावं सोडून तिला आक्का म्हणतात. कागदावर कधी एक नाव, कधी दुसरं.

एक उदाहरण पुरतं सोडवून बघू

खालच्या तीन ओळी एका करवीर तालुक्यातल्या कुटुंबाच्या तक्त्यातल्या आहेत. नावं बदलली आहेत, गुंता जसाच्या तसा ठेवला आहे.

| नाव | नाते | जन्मवर्ष | मूळ गाव | टीप |
|---|---|---|---|---|
| गंगू | आत्या | १९२१ | निगवे | वहीत शके १८४३, माघ. शाहू महाराज गेले तेव्हा तान्ही |
| लक्ष्मीबाई | सासू | १९२६ | कागल | १९७१ च्या मतदार यादीत वय ४५ |
| आक्का | आजी | १९१८ | कोल्हापूर | २००३ ला वारल्या, दाखल्यात वय ८५ |

पहिली ओळ भाच्यानं भरली, दुसरी त्याच्याच बहिणीनं. ती बहीण आत्याच्या घरात दिलेली, म्हणून तिची ती सासू. तिसरी आत्याच्या धाकट्या मुलाच्या पोरानं. नाव वेगळं, साल वेगळं, गाव वेगळं. कुठलंही शीट, कुठलाही फिल्टर या तीन ओळी एकत्र आणणार नाही. म्हणून 'दुबार काढा' बटण दाबून हा प्रश्न सुटत नाही.

आधी गाव घेऊ, कारण ते लवकर सुटतं. 'मूळ गाव' म्हणताना तिघांनी तीन गोष्टी लिहिल्या. भाच्यानं माहेरचं गाव लिहिलं, सुनेनं सासरचं, नातवानं आजी शेवटी जिथं राहिली ते. त्यातलं कुठलंच खोटं नाही. रकान्याचा अर्थ मात्र एकच ठरवायला हवा, आणि माझ्या मते तो 'वडिलांच्या घराण्याचं गाव' असाच ठेवावा. जन्म कुठं झाला हे वेगळं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत असल्यामुळे थोरल्या पोराचं जन्मगाव बहुतेक वेळा आजोळचंच निघतं, त्याचा घराण्याच्या गावाशी संबंध नसतो. हवं तर 'जन्मगाव' असा वेगळा रकाना करा, पण दोन्ही एकात कोंबू नका.

'निगवे' एवढं लिहून मात्र भागत नाही. करवीर तालुक्यातच निगवे दुमाला आणि निगवे खालसा अशी दोन गावं आहेत. शिरोलीचंही तसंच. शिरोली दुमाला करवीरात, शिरोली पुलाची हातकणंगल्यात. कसबा बावडा शहराला लागून आणि गगनबावडा घाटमाथ्यावर, पण घरी दोन्हीला 'बावडा'च म्हणतात. म्हणून गावाचं पूर्ण नाव आणि तालुका एकत्र लिहायचा. कुठलं निगवे हे विसरलं असेल तर कुलदैवत विचारून उपयोग नाही, जोतिबा म्हटला की अर्धा जिल्हा आत येतो. शेत कुठल्या गावच्या सातबाऱ्यात आहे ते विचारा. तालुक्याचीही एक खबरदारी घ्या. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. आजोबांच्या कागदावर 'जि. बेळगाव' दिसलं म्हणून घराणं कर्नाटकातलं ठरत नाही.

आता साल. इथंच खरी वेळ जाते.

भाच्यानं शके १८४३ मध्ये ७८ मिळवून १९२१ काढलं. शकाचं वर्ष पाडव्याला सुरू होतं, एक जानेवारीला नाही. चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारी लागल्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. माघ हा जानेवारी-फेब्रुवारीत येतो, म्हणून शके १८४३ माघ म्हणजे १९२२ चा आरंभ. टिपेतलं वाक्य याला पुरेपूर जुळतं. राजर्षी शाहू महाराजांचं निधन ६ मे १९२२ ला झालं, तेव्हा ही पोर जेमतेम तीन महिन्यांची. वही आणि घरातली आठवण अशा दोन स्वतंत्र वाटा एकाच ठिकाणी आल्या, म्हणून १९२२ वर विश्वास ठेवता येतो. महिना माहीत नसता तर '१९२१ ते १९२२' असंच लिहायला हवं होतं. जुन्या मोडी कागदांत फसली, म्हणजे महसुलाचं, साल असेल तर दख्खनच्या फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. उत्तरेकडचा आकडा वेगळा आहे, त्यामुळे इंटरनेटवर मिळेल ते कोष्टक डोळे मिटून वापरू नका.

१९२६ हे साल मतदार यादीतल्या वयावरून आलं. अशा यादीतलं वय बहुतेक वेळा घरातल्या कुणीतरी अंदाजे सांगितलेलं असतं, आणि अंदाजाचं वय पाचाच्या पटीत येतं. ४५, ५०, ६० असं वय दिसलं की त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच वर्षं धरून चालायचं. म्हणजे १९२१ ते १९३१. १९२२ त्यात बसतं. शिवाय या बाईंची थोरली मुलगी १९३८ ची आहे. जन्म १९२६ चा धरला तर आईचं वय बारा येतं. त्या काळी लग्न लहानपणी होत, तरी बाराव्या वर्षी मूल हे न पटणारं आहे. १९२२ धरलं की सोळा येतं आणि सगळं सरळ होतं.

१९१८ मृत्यूच्या दाखल्यातल्या वयावरून काढलं. मृत्यूची नोंद करताना वय सांगणारा बहुधा दु:खात असतो आणि घाईत असतो, म्हणून तेही अंदाजातच धरायचं. इथं मात्र ते खोडायला चांगला पुरावा मिळाला. भाच्याचे वडील त्याच वहीत १९१९ चे आहेत आणि गंगू त्यांची धाकटी बहीण. धाकटी थोरल्याच्या आधी जन्मणार नाही. १९१८ गेलं.

शाळेच्या दाखल्याबद्दल वेगळं सांगायला हवं. आपल्याकडच्या साठीच्या पुढच्या माणसांत १ जूनला जन्मलेले इतके का, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मास्तरांनी नाव घालताना तारीख घातली. दाखल्यात १ जून दिसला की वर्षसुद्धा एक-दोन वर्षांनी इकडे-तिकडे असू शकतं असं गृहीत धरा, आणि तारीख तक्त्यात लिहूच नका.

तीन ओळी एकच बाई आहे हे कशावरून?

सालं जुळली एवढ्यानं माणूस जुळत नाही. १९२२ साली निगव्यात आणखीही मुली जन्मल्या असतील. ओळख पटवायला माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकाच कागदावर सापडायला हवीत, आणि तो कागद बहुतेक वेळा महसुलाचा असतो.

या कुटुंबात तो वडिलांच्या वारस नोंदीत सापडला. गंगूचे वडील १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आल्यानंतर वारले. त्या कायद्यानं मुलीही वारस झाल्या, म्हणून त्यानंतरच्या नोंदींत मुलांच्या खाली मुलींची नावं यायला लागली. फेरफाराच्या उताऱ्यात मुलांची नावं झाल्यावर 'मुलगी लक्ष्मीबाई भ्र.' आणि पुढं नवऱ्याचं पूर्ण नाव, गाव कागल, असं होतं. भ्र. म्हणजे भ्रतार. माहेरच्या जमिनीच्या कागदावर सासरचं नाव आलं आणि दुवा जुळला. उताऱ्यात नसतं तर हक्कसोडपत्रात बघायचं. बहिणींनी भावांच्या नावे हक्क सोडल्याचे कागद या पट्ट्यात घरोघर आहेत, आणि त्यांत अनेकदा दोन्ही नावं असतात. बहिणीनं वाटा सोडला हे बरं की वाईट हा वेगळा वाद, वंशावळ करणाऱ्याला मात्र तो कागद सोन्यासारखा.

हे उतारे गावच्या तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. जाताना गट नंबर घेऊन जा, नुसतं नाव सांगून कुणी रजिस्टर उघडत नाही. जुना सर्व्हे नंबर आणि आताचा गट नंबर वेगळे असतात हेही ध्यानात ठेवा. १९५६ आधीच्या नोंदीत मुलींची नावं सापडायची आशा कमी. तिथं गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, ते बघावं लागतं. त्यात मोठी अडचण म्हणजे बाळाचं नाव बहुधा नसतंच. 'अमक्यास मुलगी' एवढंच असतं. जुन्या पानांची लिपी मोडी. मोडी वाचणारी माणसं कोल्हापुरात मिळतात, पण त्यांना सगळं रजिस्टर नका देऊ, साल आणि बापाचं नाव नेमकं ठरवून तेवढीच पानं दाखवा.

तक्ता असा बदला

आता दुरुस्ती. नात्याचा रकाना काढून टाका. त्याऐवजी प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्या आणि वडिलांचा व आईचा क्रमांक लिहा. आत्या, सासू, आजी ही सगळी नाती या दोन क्रमांकांतून आपोआप निघतात. वडिलांच्या वडिलांचा क्रमांक जिच्या ओळीत वडील म्हणून आहे ती आत्या, मग तिला कोण काय म्हणतं ते म्हणू दे.

रकाने असे लावा. A मध्ये क्रमांक, B मध्ये पाळण्यातलं नाव, C मध्ये वडिलांचा क्रमांक, D मध्ये आईचा, E आणि F मध्ये जन्मवर्ष 'पासून' आणि 'पर्यंत', G मध्ये गाव व तालुका, H मध्ये टीप. सासरचं नाव, घरातलं नाव, कुणी काय म्हणतं हे सगळं टिपेत. लग्नं वेगळ्या पानावर लिहा: नवऱ्याचा क्रमांक, बायकोचा क्रमांक, साल. दुसरेपणाची लग्नं या पानामुळंच सुटसुटीत बसतात.

वरच्या उदाहरणातली ओळ मग अशी होते:

```
K014 | गंगू | K003 | K004 | 1922 | 1922 | निगवे दुमाला, करवीर | सासरचे नाव लक्ष्मीबाई, घरी आक्का; वही: शके 1843 माघ
```

शीटमध्ये सालं इंग्रजी आकड्यांतच टाका. मराठी आकड्यांत लिहिलेलं साल शीटला अक्षरं वाटतं आणि वजाबाकी होत नाही. ओळखायची खूण अशी की खरा आकडा खान्यात उजवीकडे जातो आणि अक्षर समजलेला डावीकडे चिकटून राहतो.

आता दुबार ओळ शोधायचं सूत्र. नाव आणि वडिलांचा क्रमांक दोन्ही सारखे असतील तरच दुबार म्हणायचं. I2 मध्ये हे घाला आणि खाली ओढा:

```
=IF($C2="","",COUNTIFS($B$2:$B,$B2,$C$2:$C,$C2))
```

२ किंवा जास्त आलं की ती ओळ तपासा. तपासा म्हणतोय, खोडा म्हणत नाही. पहिलं मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव ठेवायची पद्धत होती, तेव्हा एका बापाची एकाच नावाची दोन मुलं खरीच असू शकतात. दोघांच्या सालांत दोन-तीन वर्षांचं अंतर असेल आणि पहिल्याच्या ओळीत लग्न, मुलं काहीच नसेल तर हीच शक्यता धरा. आणि 'आक्का'-'अक्का', 'आप्पा'-'अप्पा' ही एकच नावं शीटला वेगळी वाटतात, म्हणून घराण्यापुरतं एक लेखन ठरवून टाका.

आईच्या वयाची तपासणी J2 मध्ये:

```
=IF($D2="","",$F2-XLOOKUP($D2,$A$2:$A,$E$2:$E))
```

हे मुलाच्या जन्मावेळी आईचं जास्तीत जास्त किती वय असू शकतं ते सांगतं. आकडा १३ च्या खाली आला तर दोघांपैकी एकाचं साल चुकलं आहे किंवा आईचा क्रमांक दुसऱ्याच बाईचा पडला आहे. हा दुसरा प्रकार जास्त आढळतो. आजी आणि नात एकाच नावाच्या असतात आणि नातीच्या जागी आजीचा क्रमांक जातो. तेव्हा आकडा उलट फार मोठा येतो, ६०-७०. वजा आला तर आई आणि मूल यांची अदलाबदल झाली असं समजा.

आईबापच माहीत नसलेल्या टोकाच्या पिढीला ही दोन्ही सूत्रं लागू होत नाहीत. तिथं हातानंच बघायचं.

ओळी एकत्र करताना क्रम चुकवू नका

इथंच बहुतेकांचं काम बिघडतं आणि दुबार ओळ परत येते. समजा लक्ष्मीबाई K027 होती आणि आक्का K051. या दोन ओळी सरळ खोडल्या तर ज्या मुलांच्या ओळीत आई म्हणून K027 लिहिलंय ती मुलं आईविना राहतात. मग कुणीतरी सज्जन माणूस 'अरे, यांची आई राहिली' म्हणून नवी ओळ घालतो. चक्र पुन्हा सुरू.

म्हणून आधी शीटची प्रत काढून ठेवा. मग C, D आणि लग्नाचं पान यांत K027 आणि K051 शोधून सगळीकडे K014 करा. त्यानंतर जुन्या दोन ओळींतल्या टिपा K014 च्या टिपेत उचला, चुकीची ठरलेली सालंसुद्धा, कशावरून आली होती त्यासकट. '१९२६ (मतदार यादी, वय ४५ अंदाजे)' एवढं राहिलं की पुढच्या वर्षी कुणी तीच यादी घेऊन येऊन साल 'दुरुस्त' करणार नाही. शेवटी त्या ओळी 'जुन्या ओळी' नावाच्या पानावर हलवा आणि समोर लिहा: K014 पाहा. क्रमांक दुसऱ्या कुणाला देऊ नका. कुणाच्या तरी मोबाईलमध्ये जुन्या तक्त्याचा फोटो असतोच, आणि तो माणूस K027 विचारत येतोच.

दत्तक

पुरुषांच्या दुबार ओळींपैकी बऱ्याच दत्तकाच्या असतात. समजवायला आपल्या शाहू महाराजांइतकं चांगलं उदाहरण नाही. जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यात, नाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. जन्म मात्र कागलात नाही, कसबा बावड्याच्या लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये. साध्या तक्त्यात हे दोन माणसं होतील: एक यशवंतराव घाटगे, कागल, आणि एक शाहू छत्रपती, करवीर. दोघांचे वडील वेगळे, आडनाव वेगळं, गाव वेगळं, त्यामुळे वरचं दुबाराचं सूत्रही यांना पकडणार नाही.

उपाय असा की C मध्ये जन्मदात्याचाच क्रमांक ठेवायचा आणि दत्तक वडिलांसाठी K हा एक जादा रकाना करायचा. दत्तकाचं साल टिपेत. वंशावळ जमिनीच्या कामासाठी लागत असेल तर वारसा दत्तक घराकडून जातो, तेव्हा त्या कामाला K रकाना वापरायचा. रक्ताचं नातं बघायचं असेल तर C. दोन्ही ठेवल्यानं घरातला जुना वादही आपोआप बाजूला पडतो, कारण कुणालाच आपला मुद्दा खोडला गेला असं वाटत नाही. दुबार शोधायला मात्र इथं नाव आणि जन्मवर्षावर नजर टाकावी लागते, आणि दत्तक जाताना नाव बदललं असेल तर फक्त जन्मवर्षावर. जन्मदात्या घरातली अशी ओळ शोधा जिला लहानपण आहे पण लग्न, मुलं, मृत्यू काहीच नाही.

पुढच्या यात्रेला

लिंक टाकताना शीटची टाकू नका, फॉर्मची टाका. फॉर्ममध्ये 'तुमचं नातं' विचारूच नका. विचारायचं ते एवढंच: पाळण्यातलं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव आणि आईचं माहेर, जन्माचं साल कशावरून सांगता. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. 'दाखल्यावरून', 'आजी सांगायची', 'महापुराच्या आधी दोन वर्षं' असं काहीही आलं तरी चालतं. महापूर म्हटलं की २००५ चा, २०१९ चा की २०२१ चा, हे मात्र लगेच उलटं विचारून घ्या.

आलेल्या ओळी थेट तक्त्यात जाऊ देऊ नका. त्या वेगळ्या पानावर थांबवा आणि क्रमांक देण्याचं काम एकाच माणसाकडे ठेवा. तो नव्या ओळीसाठी आधी आईचं माहेर शोधतो, मग आई, मग मूल. उलटं केलं की जुन्या गुंत्यात एकाची भर.

एवढं करूनही काही ओळी सुटत नाहीत. माहेरचं गाव कुणाला माहीत नाही, कागद नाही, विचारायला माणूस उरलेलं नाही. अशा वेळी जबरदस्तीनं जुळवू नका. दोन्ही ओळी आपापल्या क्रमांकानं राहू द्या आणि दोन्हींच्या टिपेत 'बहुधा K014 हीच, कागद नाही' असं लिहा. चुकून दोन केलेला माणूस नंतर कधीही एक करता येतो. चुकून एक केलेली दोन माणसं वेगळी करायला मात्र कुठली टीप कुणाची होती तेच कळत नाही, आणि त्या ओळीखाली लावलेली सगळी मुलं पुन्हा एकेक करून वाटावी लागतात.